पिशवीवरचे शब्द : ‘डिग्रेडेबल’पासून ‘पर्यावरणपूरक’पर्यंत

आपल्याकडे पिशवी घरात शिवली जायची तेव्हा तिच्यावर काही लिहिलेलं नसायचं. जुन्या पँटची, गादीच्या उरलेल्या कापडाची, नाहीतर आईच्या साडीच्या काठाची पिशवी. ती बाजारात जायची, धुतली जायची, फाटली की तिचं फडकं व्हायचं. पिशवीवर शब्द आले ते पिशवी विकायची वस्तू झाल्यावर. आणि गेल्या पस्तीस वर्षांत त्या शब्दांचं जे झालं, तो इतिहास आज सांगायचाय. कारण आपल्या तालुक्यात किमान चार-पाच बचत गट कापडी पिशव्या शिवून विकतायत, आणि त्यांच्या लेबलवर काय छापावं हा आता फक्त हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. कायद्याचा झालाय.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

पहिला शब्द : ‘डिग्रेडेबल’

सुरुवात अमेरिकेत होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे कचऱ्याचे डोंगर हा मोठा विषय झाला होता. मोबिल ही तेल कंपनी ‘हेफ्टी’ नावाने कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या विकायची. १९८९ मध्ये तिने पिशवीत एक घटक मिसळला आणि खोक्यावर छापलं ‘डिग्रेडेबल’, म्हणजे आपोआप विघटन होणारी. घटक खोटा नव्हता. ऊन लागलं की ती पिशवी खरंच ठिसूळ होऊन तुकडे पडायचे.

पण कचऱ्याची पिशवी जाते कुठे? कचरा डेपोत, बाकीच्या कचऱ्याखाली गाडलेली. तिथे ऊन नाही, हवा जवळपास नाही. म्हणजे ज्या परिस्थितीत ती पिशवी विघटित होणार होती, त्या परिस्थितीत ती कधी पोचणारच नव्हती. १९९० मध्ये अमेरिकेतल्या सात राज्यांनी कंपनीवर दावा लावला. कंपनीने तो शब्द काढला आणि प्रकरण मिटवलं. १९९२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पर्यावरणाच्या दाव्यांसाठी पहिली नियमावली काढली, तिला ‘ग्रीन गाइड्स’ म्हणतात.

या प्रकरणाने एक गोष्ट कायमची शिकवली. दावा प्रयोगशाळेत खरा असून भागत नाही. ती वस्तू शेवटी जिथे जाते, तिथे तो खरा ठरला पाहिजे. कापडी पिशवीवर आपण बिनधास्त ‘बायोडिग्रेडेबल’ छापतो, तेव्हा हाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो. त्याकडे पुढे येतो.

आपलं मडकं

याच काळात भारत झोपलेला नव्हता. १९९१ मध्ये केंद्र सरकारने ‘इकोमार्क’ नावाची योजना आणली. खूण काय, तर मातीचं मडकं. निवड मोठी समर्पक होती. मडकं मातीचं, भाजायला ऊर्जा कमी, फुटलं तर परत मातीत. आयएसआय मार्क देणारी भारतीय मानक संस्था, म्हणजे बीआयएस, ही खूण देणार होती. वस्तू कशापासून बनते, बनताना काय घाण सोडते, वापरून झाल्यावर काय होते, हे सगळं तपासून.

तुम्ही हे मडकं कधी कुठल्या वस्तूवर पाहिलंय का? बहुतेकांचं उत्तर नाही असंच येईल. फार थोड्या उत्पादकांनी ते घेतलं. खूण मिळवायला तपासणी आणि खर्च होता, आणि गिऱ्हाईक ती मागत नव्हतं. मग रिकाम्या जागी जे व्हायचं ते झालं. ज्याने त्याने आपापलं हिरवं पान काढलं आणि खाली ‘इको-फ्रेंडली’ लिहिलं. सरकारने २०२४ मध्ये या योजनेचे नियम नव्याने काढले आहेत, पण मधली तेहतीस वर्षं हिरव्या पानानेच राज्य केलं.

लंडनची रांग

२००७ च्या वसंतात लंडनमध्ये एक कापडी पिशवी विक्रीला आली. अन्या हिंडमार्च या नामांकित डिझायनरची. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, की मी प्लास्टिकची पिशवी नाही. सेन्सबरी या सुपरमार्केटमध्ये पाच पौंडांना विकली आणि लोकांनी पहाटेपासून रांगा लावल्या. काही तासांत संपली.

नंतर वर्तमानपत्रांनी विचारलं, ही पिशवी बनली कुठे आणि कशापासून? तर चीनमध्ये, साध्या कापसापासून. सेंद्रिय नाही, फेअरट्रेड नाही. आता गंमत बघा, पिशवीवरचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. ती प्लास्टिकची नव्हतीच. पण वाचणाऱ्याच्या मनात त्या वाक्याने जे उभं केलं, ते बरंच मोठं होतं. ‘प्लास्टिक नाही’ हे ऐकलं की आपलं मन पुढचं वाक्य स्वतःच जोडतं, ‘म्हणजे निसर्गाला त्रास नाही’. लेबल लिहिणाऱ्याने फक्त स्वतःचं वाक्य तपासून चालत नाही. वाचणारा त्यापुढे काय जोडणार, हेही बघावं लागतं.

मग कुणीतरी हिशेब केला

२०११ मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने वेगवेगळ्या पिशव्यांचा पूर्ण हिशेब प्रसिद्ध केला. कापूस पिकवण्यापासून पिशवी टाकून देईपर्यंत. त्यांचा सुती नमुना सुमारे १८३ ग्रॅमचा जाड होता आणि दुकानातली पातळ प्लास्टिक पिशवी ८ ग्रॅमच्या आसपास. हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं, तर ती सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा कुठे ती एकदाच वापरून फेकलेल्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, असं निघालं. आणि लोक प्लास्टिक पिशवी पुढे कचऱ्याच्या डब्यात वापरतात हे धरलं, तर हा आकडा आणखी वाढतो.

२०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेचा अहवाल आला आणि त्यातला एक आकडा जगभर फिरला : ७,१००. सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी! प्लास्टिकवाल्यांनी हा आकडा खूप मिरवला. आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर येऊन गेला. पण तो पूर्ण वाचला पाहिजे. फक्त हवामानाचा विचार केला तर त्याच अहवालात तो आकडा ५२ आहे. ७,१०० हा सगळ्या निकषांमधला सर्वांत वाईट निकष धरून येतो, आणि तो निकष ओझोन थराचा आहे. शिवाय पिशवी रस्त्यावर, नाल्यात, गाईच्या पोटात जाते, त्याचा हिशेब त्या अहवालात नाही. डेन्मार्कमध्ये कचरा गोळा होऊन जाळला जातो, म्हणून त्यांनी तो धरला नाही. आपल्याकडे तर खरा त्रास तोच आहे.

म्हणजे हे आकडे दोन्ही बाजूंना सरसकट वापरता येत नाहीत. ‘कापडी पिशवी वाईट’ असं ते म्हणत नाहीत. ते इतकंच म्हणतात, की नव्या कापडाची पिशवी दुकानातून निघते तेव्हा ती कर्जात असते. कापसाचं पाणी, खत, फवारणी, गिरणीची वीज, धुलाई-रंगाई, हे सगळं तिच्या नावावर आधीच खर्ची पडलेलं. ते कर्ज वापराने फिटतं. कुणाच्या वापराने? गिऱ्हाइकाच्या. म्हणून पिशवी विकताना ‘ही पर्यावरणपूरक आहे’ असं म्हणणं म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला हप्ता सुरू होण्याआधीच देणं.

यात आपल्या आयांच्या पिशवीची गोष्ट वेगळी पडते, हे लक्षात घ्या. जुन्या पँटच्या कापडाचं कर्ज पँटने फेडलेलं असतं. त्याची पिशवी जवळपास फुकटात येते. म्हणून ‘जुन्या कापडापासून शिवलेली’ हा दावा, जर तो खरा असेल, तर ‘इको-फ्रेंडली’पेक्षा कितीतरी वजनदार आहे.

महाराष्ट्र : बंदी आली आणि ‘कापड’ या शब्दाचा घोटाळा झाला

२६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस विसरलेला माणूस सापडणार नाही. नाले तुंबले, दोष प्लास्टिक पिशव्यांवर आला आणि राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. पुढे २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आली, २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिला दंड पाच हजार, दुसरा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आपल्या बाजारपेठेत त्या आठवड्यात काय धावपळ झाली होती, ते इथल्या व्यापाऱ्यांना आठवत असेल.

आणि त्याच सुमारास दुकानादुकानांत ती पिशवी दिसायला लागली. मऊ, रंगीत, कापडासारखी, कापडाचे बंद असलेली. साडीच्या दुकानात, मिठाईच्या दुकानात, लग्नाच्या आहेरात. सगळे तिला ‘कापडी पिशवी’ म्हणायला लागले. ती नॉन-वोव्हन पिशवी. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. प्लास्टिकचे बारीक तंतू पसरून, गरम रुळाखाली दाबून चिकटवलेले. विणकाम नाही, म्हणून नाव नॉन-वोव्हन. केंद्राच्या नियमांतही ती प्लास्टिक म्हणूनच येते, आणि २०२१ पासून ती चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची असावी असं बंधन आहे.

ओळखायची कशी? उजेडात धरा. दाबून चिकटवलेल्या बारीक टिंबांची रांगोळी दिसते, उभे-आडवे धागे दिसत नाहीत. कडेचा धागा ओढून काढायला जा, निघत नाही, तंतूंचा पुंजका निघतो. एक तुकडा चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. हे वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो.

म्हणजे २०१८ नंतर ‘कापडी’ हा साधा मराठी शब्दसुद्धा भरवशाचा राहिला नाही. खऱ्या सुती पिशव्या शिवणाऱ्यांना हा फरक लेबलवर सांगणं भाग पडलं. पण तो सांगताना बहुतेकांनी धरला तो जुनाच, सोपा रस्ता. हिरवं पान आणि ‘१००% पर्यावरणपूरक’.

२०२४ : नियम आला

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘ग्रीनवॉशिंग’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कायदेशीर आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. उद्या कुणी बचत गटाच्या दारात येऊन दहा लाख मागणार आहे असं नाही. पण नियम मोठ्या कंपनीला वेगळा आणि गटाला वेगळा असंही नाही.

त्यातला आपल्या कामाचा भाग असा. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘शुद्ध’ असे मोघम शब्द नुसते वापरायचे नाहीत. वापरले तर सोबत खुलासा आणि पुरावा हवा. दावा कशाबद्दल आहे ते सांगायचं, पूर्ण वस्तूबद्दल, तिच्या एखाद्या भागाबद्दल, की वेष्टनाबद्दल. तुलना केली, तर कशाशी आणि कोणत्या आकड्यावर, ते दाखवायचं. ‘कंपोस्टेबल’, ‘प्लास्टिकमुक्त’ अशा ठाम दाव्यांना प्रमाणपत्र किंवा तपासता येईल असा पुरावा लागतो. आणि हा तपशील लेबलवर, किंवा क्यूआर कोडमागे, गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे.

हिरव्या रंगावर किंवा साध्या चित्रावर बंदी नाही, हेही तिथे लिहिलंय. पण चित्राने फसवणूक होता कामा नये. नुसतं पान चालेल. गोल शिक्क्यात पान आणि भोवती ‘सर्टिफाइड’ असल्यासारखी अक्षरं चालणार नाहीत, कारण ते चित्र राहत नाही, खोटं प्रमाणपत्र होतं.

एका लेबलची चिरफाड

आता प्रत्यक्ष उदाहरण. इथल्याच एका बचत गटाने पिशवीच्या लेबलचा मजकूर बघायला दिला होता. गटाच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. पिशवी नव्या मांजरपाटाची, १५ बाय १६ इंच, एका बाजूला छपाई. लेबलवर पाच ओळी होत्या :

‘१००% पर्यावरणपूरक’
‘शुद्ध सेंद्रिय सुती’
‘बायोडिग्रेडेबल’
‘एक पिशवी वाचवते ५०० प्लास्टिक पिशव्या’
‘प्लास्टिकमुक्त जीवनाकडे’

आणि ही पिशवी पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून विकायची होती! गटातल्या एका काकूंनाच ते आधी खटकलं. त्या म्हणाल्या, “दादा, वर प्लास्टिक नि आत ‘प्लास्टिकमुक्त’, लोक हसतील की.” पाकीट गेलं, त्या जागी कागदी पट्टी आली. पाचवी ओळही गेली.

मग ‘शुद्ध सेंद्रिय सुती’. आधी सुतीचं बघितलं. कापडाच्या बिलावर ‘कॉटन ग्रे’ लिहिलेलं. तेवढ्यावर न थांबता कापडातला एक उभा आणि एक आडवा धागा वेगवेगळा जाळून पाहिला. दोन्हीची राख झाली. दोन्ही का? तर एका दिशेला सूत आणि दुसऱ्या दिशेला मिश्र धागा असं कापड स्वस्तात मिळतं. ही घरगुती पाहणी आहे, थोडी भेसळ तिच्यात कळत नाही. म्हणून गटाने व्यापाऱ्याकडून बिलावरच ‘१००% कॉटन’ लिहून घेतलं. मग शिलाईचा दोरा जाळला, त्याचा मणी झाला. पॉलिएस्टर. बंदासाठी आणलेली तयार पट्टी, तीही वितळली. म्हणजे ‘कापड सुती’ हे खरं होतं, ‘पिशवी १००% सुती’ हे खोटं. बंद त्याच मांजरपाटाचे करायचं ठरलं. दोरा मात्र पॉलिएस्टरच ठेवला, कारण सुती दोरा बंदाच्या जोडाला लवकर तुटतो आणि मग पिशवीच लवकर जाते. तो ठेवला आणि तसं लेबलवर लिहिलं.

आता ‘सेंद्रिय’. व्यापारी तोंडी म्हणाला होता, ‘ऑरगॅनिक टाइप आहे’. सेंद्रिय कापूस ओळखायची कुठलीही घरगुती परीक्षा नाही. तो कागदावरच सिद्ध होतो. शेतापासून जिनिंग, गिरणी, माग, प्रत्येक टप्प्यावर त्या मालाचा व्यवहार दाखला लागतो. भारतातला बहुतेक कापूस बीटी आहे, आणि सेंद्रियात बीटी चालत नाही. शिवाय कागदांतही खोट निघते. २०२० मध्ये ‘गॉट्स’ या जागतिक मानक संस्थेने जाहीर केलं, की भारतात खोट्या दाखल्यांवर सुमारे २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवला गेला, आणि त्यात अकरा कंपन्यांवर बंदी घातली. इतक्या मोठ्या साखळीत हे होतं, तर ‘ऑरगॅनिक टाइप’ या शब्दाची किंमत किती? शब्द काढला. ‘शुद्ध’ही काढला, तो कापडाला काहीच सांगत नाही.

‘बायोडिग्रेडेबल’ला मोबिलचा प्रश्न विचारला. पिशवी शेवटी कुठे जाणार? आपल्या नगरपालिकेच्या डेपोत, प्लास्टिक आणि राडारोड्याच्या ढिगात. तिथे ती किती दिवसांत कुजेल हे कुणी मोजलेलं नाही. शिवाय पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही आणि छपाईची शाई प्लास्टिकच्या थराची होती, नखाने खरवडली की साल निघायची. शब्द काढला. छपाई पाण्यातल्या पिगमेंट रंगाची केली, आणि त्याचा लेबलवर गाजावाजा केला नाही.

राहिली ‘५०० पिशव्या वाचवते’. हा आकडा कुठून आला विचारलं, तर दुसऱ्या एका पिशवीवर वाचला होता. मग पिशवी तराजूवर ठेवली. ७० ग्रॅम, म्हणजे पातळ प्लास्टिक पिशवीच्या नऊपट. ब्रिटनच्या अहवालातल्या पिशवीपेक्षा बरीच हलकी, म्हणून तिचं कर्जही कमी, पण नेमकं किती ते आपल्याला माहीत नाही, कारण कापूस वेगळा, वीज वेगळी, सगळंच वेगळं. आणि ५०० वेळा वापरायची तर ती टिकेल का, हा प्रश्न आधी आहे.

इथे कॅलिफोर्नियाचा कायदा उपयोगी पडला. तिथे ‘पुन्हा वापरता येणारी’ असं म्हणायला पिशवीने २२ पौंड, म्हणजे साधारण १० किलो, १७५ फूट वाहून न्यावे लागायचे, आणि असं १२५ वेळा. बस्स, एवढी साधी परीक्षा. गटातल्या ताईंनी पाच पिशव्यांत दहा-दहा किलो तांदूळ भरला आणि समाजमंदिराच्या आवारात पाळ्या लावून फेऱ्या मारल्या. दोन पिशव्यांचा बंद साठ-सत्तर फेऱ्यांतच जोडावर उसवला. कारण सापडलं, बंद फक्त दुमडीत घालून एक टीप मारली होती. मग बंद दोन इंच आत घेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घातली. नव्या पाचही पिशव्या १२५ फेऱ्या टिकल्या. ‘५०० वाचवते’ची जागा घ्यायला आता एक खरी, आपली मोजलेली गोष्ट होती.

एक बारकी गोष्ट राहिली होती. मांजरपाटाला खळ असते. पहिल्या धुण्यात पिशवी आटते आणि मऊ पडते. गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही तर त्याला वाटतं माल हलका निघाला, आणि तो पिशवी बाजूला टाकतो. टाकलेली पिशवी म्हणजे न फिटलेलं कर्ज. म्हणून तेही लेबलवर आलं.

शेवटी मजकूर असा झाला :

‘पिशवीचं आणि बंदाचं कापड : नवं सुती, मांजरपाट. शिलाईचा दोरा : पॉलिएस्टर. वजन : सुमारे ७० ग्रॅम. आम्ही १० किलो भरून १२५ वेळा उचलून पाहिलेली शिलाई. पहिल्या धुण्यात थोडी आटेल. नवी पिशवी बनायला कापूस, पाणी आणि वीज लागते, म्हणून ही जितकी जास्त वापराल तितका तिचा उपयोग. बंद उसवला तर घेऊन या, शिवून देऊ.’

खाली किंमत, महिना-वर्ष, गटाचं नाव-पत्ता, फोन. आणि गटाच्या फाइलमध्ये कापडाचं बिल, वजनाची नोंद, फेऱ्यांची नोंद तारखेसह. कुणी विचारलं तर दाखवायला तोच पुरावा.

दुकानदार काय म्हणाला

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. एका दुकानदाराला हजार पिशव्या हव्या होत्या. लेबल वाचून तो म्हणाला, “इको-फ्रेंडली मोठ्या अक्षरात टाका, नाहीतर गिऱ्हाईक घेत नाही. ‘पॉलिएस्टर’ कशाला लिहिता? कोण बघतं?” गटात यावर बरीच वादावादी झाली. हजार पिशव्या म्हणजे चार बायकांचं महिनाभराचं काम. ते सोडणं सोपं नव्हतं, आणि ‘सगळेच लिहितात’ हे खोटंही नव्हतं. शेवटी त्यांनी लेबल बदललं नाही. त्याने तीनशे घेतल्या. उरलेल्या सातशे अजून थोड्या थोड्या आठवडी बाजारात खपतायत. खरं लिहिलं म्हणून जास्त खपलं, अशी गोड गोष्ट माझ्याकडे नाही.

पण दुरुस्तीची ओळ वाचून आतापर्यंत अकरा जण बंद शिवून न्यायला परत आले. त्यातल्या काही पिशव्या आमच्या टिपेच्या नव्हेत, आधीच्या मालातल्या होत्या. तरी शिवून दिल्या. ज्या पिशवीचं कर्ज फिटायचं असतं, ती पिशवी अशी दिसते : मळकी, मऊ पडलेली, बंदाला दुसऱ्या रंगाचा दोरा.

गटांपैकी कुणाला हा मजकूर हवा असेल त्यांनी खुशाल उचलावा. फक्त आकडे आमचे ठेवू नका. तराजू आणि दहा किलो तांदूळ तुमच्याकडेही आहेत.